ताडी आणि मोहाची दारू नेमकी किती कडक निघते? मोजमापाच्या नोंदी

८ फेब्रुवारी

कोणाला हेच करून बघायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून सुरुवातीपासून लिहून ठेवतोय. ताडी पिणाऱ्या माणसाला विचारलं की किती कडक असते तर तो म्हणणार "सकाळची गोड, दुपारची कडक", आणि मोहाचं विचारलं तर "पहिल्या धारेची असेल तर विचारूच नका". पण आकडा कोणाकडेच नाही. बीअरच्या बाटलीवर छापलेलं असतं, इथे मडक्यावर काय छापणार. ताडीचं काम डहाणूकडे मित्राच्या घरी करायचं ठरलं, मोहाचं एप्रिलमध्ये, गोंदियाच्या पलीकडे छत्तीसगडात त्याच्या सासुरवाडीला, कारण तिथे आदिवासी कुटुंबांना घरापुरती गाळायला कायद्याने मर्यादित सूट आहे. महाराष्ट्रात विनापरवाना गाळणं गुन्हा आहे, त्यामुळे इकडे भट्टी वगैरे काही नाही.

सामान: ० ते १०० टक्केवाला काचेचा अल्कोहोलमीटर साडेतीनशे रुपये, साखर मोजायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर सतराशे, थर्मामीटर होता.

१५ फेब्रुवारी

सकाळी झाडावरून उतरवलेली ताडी नळकांड्यात ओतली, मीटर सोडला, काटा शून्याच्याही खाली. म्हणजे मीटरच्या मते यात दारू नाहीच. फेस येतोय, वास येतोय, जिभेला चुरचुरतंय, आणि मीटर म्हणतो पाणी. मित्राला वाटलं मीटर बोगस आहे. दुकानातून आणलेल्या व्होडकात टाकून बघितला, तिथे बरोबर.

गोम अशी की हा मीटर दारू मोजतच नाही, तो फक्त द्रव किती हलका आहे ते बघतो. दारूने द्रव हलका होतो, साखरेने जड होतो. आणि साखर फार जास्त जड करते, म्हणजे ५ टक्के दारूने जेवढा हलकेपणा येतो तो जेमतेम दोन टक्के साखर पूर्ण खाऊन टाकते. ताडीत सकाळी त्याच्या कितीतरी पट साखर शिल्लक असते, मग मीटर काय दाखवणार. हा मीटर फक्त गाळलेल्या दारूसाठी. ताडी, माडी किंवा मोहाचा सडवा, म्हणजे पाण्यात आंबवलेली मोहफुलं, यात तो टाकून काही उपयोग नाही. रिफ्रॅक्टोमीटरची उलटी गंमत, ताज्या रसाची साखर तो बरोबर सांगतो पण दारू तयार झाली की ती दारूही त्याला थोडीफार साखरच वाटते, म्हणून तो आंबलेल्या ताडीत साखर जास्त दाखवतो. सतराशे रुपये अगदीच वाया नाही गेले, झाडावरच्या ताज्या रसासाठी तो लागलाच.

१६ फेब्रुवारी

कॉलेजातल्या एका सरांना फोन केला, ते म्हणाले नमुना आधी गाळ. मग पद्धत अशी ठरली: १०० मिली ताडी मोजून काचेच्या चंबूत घ्यायची, त्यात ५० मिली पाणी, हळूहळू तापवून वाफ थंड करून जवळजवळ ९० मिली गोळा करायचं, आणि त्यात डिस्टिल्ड वॉटर घालून परत बरोबर १०० मिली करायचं. साखर चंबूत मागे राहते, दारू सगळी पलीकडे येते, आणि आकारमान मूळ नमुन्याएवढंच केल्यामुळे टक्का तोच राहतो. हे वीस अंशाला आणून मग वजन करायचं. ० ते १०० च्या मीटरवर ४ आणि ५ मधला फरक डोळ्याला दिसतच नाही, म्हणून प्रयोगशाळेतली विशिष्ट गुरुत्वाची ५० मिलीची बाटली वापरली आणि तक्त्यातून टक्का काढला.

पहिल्याच नमुन्याचा फेस उसळून नळीत गेला आणि गोळा केलेलं पाणी दुधाळ झालं, तो नमुना फेकला. उपाय दोन: ताडी आधी दोन भांड्यांत वरखाली ओतून त्यातला गॅस घालवायचा, आणि चंबू मोठा घ्यायचा, १०० मिलीसाठी अर्ध्या लीटरचा. शिवाय खोबरेल तेलाचा एक थेंब, त्याने फेस बसतो. ताडी आंबट झाली असेल तर चुन्याची निवळी घालून आंबटपणा मारायचा, नाहीतर व्हिनेगरमधलं आम्ल वाफेबरोबर पलीकडे येतं आणि वजन बिघडवतं. आणि हे गॅसच्या उघड्या ज्योतीवर करू नका, हॉटप्लेट वापरा.

२२ फेब्रुवारी

आज बरेच नमुने वाया. डहाणूहून सकाळी प्लास्टिकच्या बाटल्यांत ताडी भरली, लोकलने नेली, कॉलेजात पोचेपर्यंत बाटल्या फुगून टणक झालेल्या, एकीचं झाकण उघडताच अर्धी बाहेर. साहजिक आहे, ताडी आंबायची थांबत नाही, ती तुमच्या पिशवीतही आंबतच असते. म्हणजे मी मोजणार होतो ते सकाळच्या मडक्यातलं नव्हे, दुपारच्या पिशवीतलं.

बर्फाची पेटी नेली तर वेग कमी होतो पण थांबत नाही. शेवटी सगळा संसार मित्राच्या घरीच मांडला, नमुना आला की लगेच चंबूत.

१ मार्च

हा दिवस सगळ्यात कामाचा. एकच झाड, एकच मडकं, त्यातली ताडी एका स्टीलच्या डब्यात सावलीत ठेवली आणि दिवसभर थोड्या थोड्या वेळाने मोजली.

झाडाच्या तुऱ्यातून नुकत्याच गळणाऱ्या रसाची साखर १३ टक्के आली, पण तो थेंब थेंब थेट पकडलेला रस. मडक्यात रात्रभर साठलेली ताडी सकाळी सातला उतरवली तेव्हाच तिच्यात २.१ टक्के दारू होती, म्हणजे झाडावरच काम सुरू झालेलं असतं. अकरा वाजता ३.९. दुपारी तीनला ५.२. संध्याकाळी सातला ५.८. दुसऱ्या दिवशी सकाळी ६.१, आणि त्याच्या पुढच्या दिवशी परत उतरून ५.२, वास व्हिनेगरचा.

म्हणजे "ताडी किती कडक" हा प्रश्नच अर्धवट आहे, किती वाजताची ते सांगा. सकाळी सात ते अकरा या चार तासांत जवळजवळ दुप्पट झाली, आणि माणूस आठला पितो की साडेदहाला पितो हे त्याच्या शेतातल्या कामावर अवलंबून. संध्याकाळनंतर वेग मरतो कारण साखर संपत येते, आणि मग आंबट करणारे जंतू हवेच्या मदतीने दारूचंच व्हिनेगर करायला लागतात, म्हणून तिसऱ्या दिवशी टक्का खाली. जुनी ताडी तोंडाला झणझणीत लागते म्हणून लोक तिला कडक म्हणतात, पण ती आंबट असते, दारू उलट कमी झालेली असते.

वरची मर्यादा पण यातूनच कळते. एक ग्रॅम साखरेतून पूर्ण काम झालं तर साधारण ०.६५ मिली दारू निघते, म्हणजे १३ टक्के साखरेच्या रसातून फार तर साडेआठ टक्के. प्रत्यक्षात थोडी साखर आम्लात जाते, थोडी चिकट पदार्थात (काही जंतू साखरेचा तारेसारखा चिकटा करतात, ती ताडी बोटाला ओढ देते), म्हणून आपण सहाच्या आसपास थांबलो.

८ मार्च

एकाच माणसाची दोन झाडं, दोन्ही मडकी एकाच वेळी बांधलेली, एकाच वेळी उतरवलेली. एकात २.४, दुसऱ्यात ४.६. आधी वाटलं मोजण्यात गडबड आहे, परत गाळलं, तेच. मग मडकी बघितली. एक नवीन, आदल्या आठवड्यात आणलेलं. दुसरं जुनं, आतून पांढरट थर बसलेला, नुसतं हिसळून परत बांधलेलं. त्या थरातच यीस्ट बसलेलं असतं, म्हणजे जुन्या मडक्यात रस पडला की त्याला विरजण आयतं मिळतं, नव्यात ते हवेतून, माशांच्या पायाला लागून हळूहळू येतं.

काका (ताडी काढणारे) म्हणाले "नीरा पाहिजे असेल तर आम्ही मडक्याला आतून चुना लावतो, मग ती चढत नाही." बरोबर आहे, चुन्याने रस इतका अल्कधर्मी होतो की यीस्ट गप्प बसतं. चुना किती लावला, किती धुतला, त्यावरही दिवसाचा आकडा हलणार.

आणि खरी गंमत यानंतर होते. सगळ्या झाडांची ताडी एका कॅनमध्ये ओततात, त्यात तळाला कालची थोडी राहिलेली असते. म्हणजे गिऱ्हाईकाच्या ग्लासात २.४ वालं, ४.६ वालं आणि कालचं ६ वालं, तिन्हींची मिसळ, आणि कॅन हालवला नाही तर वरचा आणि तळाचा ग्लास पण वेगळा. पुढे कोणी पाणी घातलं तर ते वेगळंच.

फेब्रुवारीत पहाटे गारठा होता, मार्चमध्ये रात्र उबदार. १ मार्चला मोजलेल्या झाडाची सकाळी सातची ताडी आता ३ च्या वर येतेय. म्हणजे फेब्रुवारीचा आकडा एप्रिलला लावू नका.

१५ मार्च

एक छोटी नोंद, गावाबाहेरून आणलेल्या ताडीबद्दल. पिणारे म्हणाले "ही भयंकर चढते". मोजली तर ३ टक्क्यांच्या आत. ताडी साधारण साडेआठ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, साखरच तेवढी नसते, आणि दोन ग्लासात माणूस आडवा होत असेल तर ते दारूचं काम नाही. ताडीत क्लोरल हायड्रेट किंवा झोपेच्या गोळ्या मिसळण्याचे प्रकार महाराष्ट्रात आणि तेलंगणात वारंवार उघडकीला आलेत. यात काय होतं ते तपासायची सोय माझ्याकडे नाही, बाटली ओतून दिली. टक्का कमी आणि नशा जास्त असेल तर लांब राहा एवढंच.

११ एप्रिल

मोहावर आलो. झाडाखाली पहाटे फुलं वेचून घरोघर अंगणात वाळत टाकलीत, सगळ्या गावाला तो गोडसर वास. मित्राच्या सासुरवाडीच्या मामी, ज्या दारू गाळतात, फुलं पायलीने मोजतात, किलोने नाही, आणि पहिली अडचण तिथेच आहे. यंदाची कडक वाळलेली आणि पोत्यात राहिलेली गेल्या वर्षीची, दोन्हींची थोडी थोडी चुलीच्या उबेला पूर्ण वाळवून वजन केलं. यंदाच्या फुलांत पाणी १२ टक्के, जुन्यात २१, आणि जुनी हाताला चिकट, थोडी काळपट. पावसाळ्यात ओल धरली की पोत्यातच साखर खाणारे जंतू कामाला लागतात, म्हणून पायली भरली तरी आत साखर तेवढी नाही.

सडवा आधीच घातलेला होता, यंदाची ३ किलो फुलं आणि पाणी. कोरड्या मोहफुलात साधारण निम्म्याहून जास्त साखर असते. नुसती निम्मी धरली तरी दीड किलो, म्हणजे पूर्ण आंबलं तर जवळजवळ एक लीटर शुद्ध दारू, अकराएक लीटरमध्ये, म्हणजे ९ टक्के. हे कागदावर.

१२ एप्रिल

गाळायच्या आधी सडव्याचा नमुना ताडीसारखाच काढला. ६ टक्के. उरलेले तीन कुठे गेले? थोडी साखर फुलाच्या चोथ्यात अडकलेली (फूल दाबलं तर अजून गोड लागतं), थोडी आंबटात गेली. कधी गाळायचं हे मामी बुडबुड्यांवर ठरवतात, बुडबुडे थांबले आणि फुलं तळाला गेली की तयार. थंडीत याला आठवडा लागतो, आता उन्हाळ्यात चार दिवसात. पण गिऱ्हाईक किंवा पाहुणे आले तर एक दिवस आधीच गाळतात, तेव्हा साखर शिल्लकच असते आणि ती राखेबरोबर उकिरड्यावर जाते. बाहेर हातभट्टीत गूळ घालतात त्याने टक्का वाढतो हे खरं, नवसागर घालतात त्याने मात्र स्वतःहून दारू येत नाही, ते फार तर यीस्टचं खाद्य.

१३ एप्रिल

मडक्यात १० लीटर सडवा. वर दुसरं भांडं, सांधे मातीने लिंपलेले, बांबूची नळी, नळीचं तोंड पाण्यात ठेवलेल्या गडव्यात. मी फक्त एवढंच मागितलं की अर्धा अर्धा लीटर झाला की वेगळ्या बाटलीत घेऊ.

पहिल्या बाटलीत मीटर सोडला आणि ४८ दाखवलं, सगळे खूश. पण दारू नळीतून नुकती आलेली, ३६ अंश. मीटर २० अंशाला जुळवलेला असतो, दारू गरम असली की पातळ होते आणि मीटर जास्त बुडतो. या टप्प्यात दर अंशाला सुमारे ०.३५ ते ०.४ टक्के वजा करायचे. बाटली विहिरीच्या पाण्यात बुडवून गार केली, तक्त्याने दुरुस्ती केली, खरा आकडा ४२. तुम्ही कुठे ऐकलं असेल "आमच्याकडे साठ टक्क्यांची निघते" तर आधी विचारा की मोजताना गार केली होती का.

दुसरी बाटली ३१. तिसरी २१. चौथी १३. एकच मडकं, एकच चूल, एकच दुपार. सडव्यातली दारू आधी उडते, मडक्यात मागे राहतं ते पातळ होत जातं, मग वाफही पातळ. मध्ये जाळ मोठा झाला तेव्हा सडवा उसळून नळीत थोडा आला आणि बाटली पिवळसर झाली, मामींनी लाकडं ओढून घेतली. जाळ जोरात असला की वाफेला वरच्या भांड्यात टेकायला वेळ मिळत नाही, पाणी जास्त सोबत येतं आणि टक्का पडतो. म्हणजे लाकूड ओलं की सुकं यावरही आकडा हलतो.

१४ एप्रिल

आता हिशोब. पहिल्या बाटलीत शुद्ध दारू २१० मिली, दुसरीत १५५, तिसरीत १०५, चौथीत ६५. गावात हे वेगळं ठेवत नाहीत, एका भांड्यात मिसळतात आणि कुठे थांबायचं ते चवीवर. दोन बाटल्यांवर थांबलात तर मिसळ साडेछत्तीस टक्के. तिसरी घातली की ३१. चौथीपण घातली की २७ च्या जरा आत. माल हवा असेल तर उशिरा थांबतात, पाहुण्याला द्यायची असेल तर लवकर. घरातला माणूस बदलला की थांबायची जागा बदलते. साठ मिलीच्या पेल्यात पहिल्या बाटलीतून घेतलं तर २५ मिली शुद्ध दारू, चौथीतून घेतलं तर ८. पेला तोच.

कडकपणा तपासायची गावची पद्धत म्हणजे चुलीत शिंतोडा मारायचा, निळी ज्योत उठली की चांगली. तिथले एक काका तिसरी बाटली नळीतून गरम गरम घेऊन काडी लावून दाखवत होते, फुरफुरली. तीच बाटली विहिरीच्या पाण्यात गार करून परत काडी लावली, नाही पेटली. ४० टक्क्यांची दारू साधारण २६ अंशाच्या वर पेट घेते, २० टक्क्यांची ३६ च्या आसपास, म्हणजे उन्हाळ्यात गरम नळीखाली पातळ दारूपण पास होते आणि पौषात चांगली दारू नापास. काकांना हे पटलं नाही, ते म्हणाले गार केल्यावर दारूचा जीव जातो.

मिथेनॉलबद्दल सगळे विचारतात म्हणून: हा मीटर ते ओळखू शकत नाही, मिथेनॉल आणि आपली दारू यांची घनता जवळजवळ सारखी. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून जास्त माणसं गेली ती दारूत कारखान्याचं मिथेनॉल मिसळल्यामुळे. मोहाच्या सडव्यात ते तेवढं तयार होत नाही, पण हातातली बाटली कुठून आली ते माहीत नसेल तर मीटरचा ४२ काहीच हमी देत नाही. ज्योतीचा रंग पण नाही.

२७ एप्रिल

मित्राने मागे राहून दुसरा सडवा मोजून पाठवला. पोत्यातली जुनी फुलं, तेवढीच पायली, एक दिवस आधी गाळलेला. सडवा ३.९ टक्के. बाटल्या ३०, २०, १३, ७. चारही मिसळल्या तर साडेसतरा, दोनवर थांबलं तर २५.

आता दोन्ही घाणे शेजारी ठेवा. चांगल्या फुलांचा चारही बाटल्या मिसळून २७, आणि खराब फुलांचा दोनच बाटल्यांचा २५, म्हणजे जवळजवळ सारखे. पिणाऱ्याला वाटणार मामींचा हात एकसारखा आहे. आणि पुढच्या वेळी थांबायची जागा उलटी झाली की एकदा ३६ आणि एकदा १७, तोच वास, तीच बाटली, आणि दुपटीहून जास्त फरक.

मामींना विचारलं होतं की फुलं पायलीऐवजी वजनाने घेता येतील का आणि बाटल्या मोजून थांबता येईल का. वजनाला त्या तयार आहेत, बाजारात फुलं विकताना काटा लागतोच. थांबायचं म्हणाल तर "जीभ आहे ना". पुढच्या मोसमात काचेची एक बाटली, गार पाण्याची बादली आणि मीटर तिथेच ठेवून येणार आहे, थर्मामीटरसकट, तक्ता मोठ्या अक्षरात कागदावर लिहून. ताडीसाठी मात्र मीटर घेऊ नका, घड्याळ बघा आणि मडकं आतून कसं आहे ते विचारा.